हरवलेला फोन यादीतून गेला, पण आत तसाच राहिला

प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका औषध स्टॉकिस्टच्या बाबतीत आमच्याकडून जी चूक झाली, तिची ही सविस्तर नोंद. आमची टीम पाच जणांची. घाऊक औषध विक्रेत्यांसाठी आम्ही ऑर्डर आणि उधारी सांभाळणारं अ‍ॅप बनवतो. कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन चालू आहे हे दाखवणारी यादी आणि तिथूनच लांबच्या डिव्हाइसला लॉगआउट करायची सोय आम्ही दोन वर्षांपूर्वीच दिली होती. ती व्यवस्थित चालते असा माझा समज होता, कारण ती मीच लिहिली होती आणि टेस्टिंगही मीच केलं होतं.

या दुकानाचं लॉगिन एकच होतं, मालकांच्या मोबाइल नंबरवरचं. मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. ते लॉगिन पाच ठिकाणी चालू असायचं: काउंटरवरचा कॉम्प्युटर, हिशेब बघणाऱ्या त्यांच्या मुलाचा लॅपटॉप, काकांचा आयपॅड आणि दोन सेल्समनचे अँड्रॉइड फोन. नवा फोन घेतला की सेल्समन काकांना फोन करायचा, काका आलेला ओटीपी वाचून दाखवायचे आणि काम सुरू व्हायचं. प्रत्येकाला वेगळं लॉगिन घ्या, असं आम्ही सुचवलं होतं. पण मुंबईतल्या घाऊक दुकानांत हे असंच चालतं, आणि जे चालतं ते धरूनच सॉफ्टवेअर लिहावं लागतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्यापैकी एका सेल्समनचा फोन घाटकोपर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात राहिला. स्टेशनात शिरल्यावर खिसा चाचपला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्याच्या फोनवरून त्याने रिंग दिली. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. पॅटर्न लॉक होतं, पण इंग्रजी एल अक्षराचं. ७ वाजून ५ मिनिटांनी त्याने काकांना कळवलं.

काकांनी ७:२० ला काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर यादी उघडली. त्यांना जे दिसलं ते असं:

```
Chrome / Windows     Mumbai      active now
Chrome / Windows     Mumbai      2 hours ago
Safari / Mac         Mumbai      yesterday
okhttp/4.9.3         Pune        active now
okhttp/4.9.3         Ahmedabad   active now
```

यातला हरवलेला फोन कुठला? ही यादी आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. काकांनी स्वाभाविक विचार केला. आपल्याकडे मॅक कुणाचाच नाही, म्हणजे हा कुणीतरी घुसलेला दिसतोय. त्यांनी पहिल्यांदा तो काढला. शेजारी ठेवलेल्या त्यांच्याच आयपॅडवर लॉगिनचं पान आलं. मग त्यांनी मुंबईबाहेरचं गाव दिसणाऱ्या दोन्ही ओळी काढल्या. तेव्हा ७:२४ झाले होते. ओळी यादीतून गेल्या. आयपॅड डोळ्यांदेखत बाहेर पडला होता, त्यामुळे बाकीचे दोनही पडले असतील, असं ते धरून चालले.

८ वाजता त्यांनी मुलुंडला असलेल्या दुसऱ्या सेल्समनला फोन केला, "अरे, तुला परत लॉगिन करावं लागेल, ओटीपी सांगतो."

तो म्हणाला, "नाही काका, ऑर्डर चालू आहेत माझ्या. आत्ताच एक टाकली."

त्याचा फोनही ७:२४ ला यादीतून काढला होता. तो आत असेल, तर रिक्षातला फोनही आतच असणार. काकांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हे मला जास्त लागलं. "मॅडम, तुमच्या यादीत फोन नाही, पण फोनात आमचं दुकान आहे."

यादी एक, लॉगिनच्या पद्धती दोन

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आमची वेबसाइट आधी बनली आणि अ‍ॅप नंतर. वेबसाइटवर साधी कुकी होती: प्रत्येक मागणीबरोबर सेशनचा क्रमांक येतो, सर्व्हर डेटाबेसमध्ये ती ओळ शोधतो, सापडली तर आत, नाही तर बाहेर. ओळ काढली की पुढच्याच क्लिकला लॉगिनचं पान येतं. आयपॅडचं तेच झालं.

अ‍ॅपसाठी मात्र आम्ही जेडब्ल्यूटी वापरलं होतं. यात सर्व्हर एक सही केलेला टोकन देतो. त्यात वापरकर्ता कोण आणि टोकन कधीपर्यंत चालेल एवढंच लिहिलेलं असतं. मागणी आली की सर्व्हर सही आणि मुदत तपासतो, डेटाबेसकडे बघतच नाही. या पद्धतीची ओढ त्यासाठीच असते, डेटाबेसवरचा भार वाचतो. टोकनची मुदत संपली की अ‍ॅप दुसरा, जास्त दिवस चालणारा रिफ्रेश टोकन दाखवून नवा घेतं. आमच्या यादीतल्या फोनच्या ओळी या रिफ्रेश टोकनच्या टेबलावरून बनत होत्या. काकांनी ओळ काढली म्हणजे रिफ्रेश टोकन रद्द झाला, म्हणजेच पुढचा टोकन मिळणार नव्हता. हातात असलेला टोकन मात्र मुदत संपेपर्यंत चालणारच होता, आणि ती मुदत आम्ही २४ तासांची ठेवली होती. सेल्समन दिवसभर लोकलमध्ये आणि गल्ल्यांमध्ये फिरतात, नेटवर्क जातं-येतं, त्यांना उगाच त्रास नको, एवढाच विचार तेव्हा केला होता.

हरवलेल्या फोनला शेवटचा टोकन शुक्रवारी सकाळी ११:१० ला मिळाला होता. म्हणजे यादीतून काढल्यावरही शनिवारी सकाळी ११:१० पर्यंत तो फोन आमच्यासाठी वैध होता. नोंदींमध्ये तसंच दिसलं. अ‍ॅप पार्श्वभूमीवर ठरावीक वेळाने ताजा हिशेब ओढून घेतं. अँड्रॉइडवर असं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावता येत नाही, आणि फोन न हलता पडून राहिला तर सिस्टीम ते अंतर आणखी वाढवते. तरीही ७:२४ नंतर त्या फोनने ४१ वेळा हिशेब ओढला होता. कुणी फोन उघडला होता असं नाही, कारण स्क्रीनवरच्या एकाही पानाची मागणी त्यात नव्हती. लॉक असलेला फोन कुणाच्या तरी घरी पडून होता आणि आमचं अ‍ॅप इमानेइतबारे त्याला दुकानाची ताजी उधारी पुरवत होतं.

माझ्या टेस्टिंगमध्ये हे का दिसलं नाही? मी यादीतून ओळ काढायचे, अ‍ॅप पूर्ण बंद करून परत उघडायचे आणि लॉगिनचं पान आलेलं बघायचे. आमचं अ‍ॅप नव्याने उघडताना आधी टोकन रिफ्रेश करतं, त्यामुळे माझ्यासमोर ते दर वेळी बरोबर वागलं. उघडं असलेलं अ‍ॅप तसंच वापरत राहून मी कधी बघितलं नव्हतं. ही परीक्षा कुणालाही पाच मिनिटांत घेता येते: दोन फोनवर लॉगिन करा, एका फोनवर अ‍ॅपचं एखादं पान उघडं ठेवा, दुसऱ्यावरून त्याला बाहेर काढा, आणि पहिल्या फोनवर अ‍ॅप बंद न करता पुढची कृती करून बघा.

लगेच बाहेर म्हणजे किती लगेच

दोन मार्ग होते. एक, टोकनची मुदत खूप कमी करायची. दोन, प्रत्येक मागणीला सेशन जिवंत आहे का ते बघायचं. पहिल्या मार्गात मुदतीएवढं भोक राहतंच. दुसऱ्यात जेडब्ल्यूटीचा मुख्य फायदाच जातो. माझं मत असं झालं, की ज्या व्यवसायात एका दुकानाचे चार-पाच फोन आहेत, तिथे डेटाबेसमधली एक ओळ वाचण्याचा भार वाचवायला नकोच होता. तो प्रश्न आमच्या आकाराचा नव्हता.

तरी अ‍ॅप एकदम बदलता येत नाही, जुनी अ‍ॅप महिनोन् महिने फोनमध्ये राहतात. म्हणून आम्ही दोन्ही मार्ग थोडे थोडे घेतले. टोकनची मुदत २४ तासांवरून १० मिनिटांवर आणली आणि टोकनमध्ये सेशनचा क्रमांक `sid` घातला. सेशन रद्द झालं की आधी डेटाबेसमध्ये तशी नोंद होते आणि मग रेडिस या झटपट वाचता येणाऱ्या तात्पुरत्या साठ्यात एक छोटी खूण ठेवली जाते:

```
SET revoked:<sid> 1 EX 900
```

प्रत्येक मागणीला सर्व्हर सही आणि मुदत तपासतो आणि मग ही खूण आहे का ते बघतो. खूण असेल तर बाहेर. खूण १५ मिनिटांनी आपोआप पुसली जाते, कारण तोपर्यंत त्या सेशनचा कुठलाही टोकन संपलेला असतो. १० ऐवजी १५ मिनिटं यासाठी, की रद्द करण्याच्या क्षणीच एखादा नवा टोकन तयार होत असू शकतो आणि दोन सर्व्हरच्या घड्याळांत थोडा फरक असू शकतो. रेडिसच बंद पडलं तर सर्व्हर डेटाबेस विचारतो. तिथे "उत्तर नाही म्हणजे चालू दे" असं लिहायचा मोह होतो. दुकानाची उधारी ज्यात आहे अशा ठिकाणी तो टाळलाच पाहिजे.

हे झाल्यावर मला वाटलं, काम संपलं. तेव्हा खरं अवघड काम सुरू झालं. टोकनची मुदत १० मिनिटांवर आल्यामुळे रिफ्रेशची मागणी दिवसातून एकदा व्हायची ती आता तासाला सहा वेळा होऊ लागली, आणि आधी झाकलेल्या दोन चुका उघड्या पडल्या.

पहिली चूक अशी. आमचा जुना कोड रिफ्रेशच्या वेळी जुनी ओळ काढून नवी घालायचा. म्हणजे डिव्हाइस तेच, पण यादीतला त्याचा क्रमांक दर वेळी बदलायचा. कुणी यादी उघडली, चहा घेतला आणि मग "काढा" दाबलं, तर तो क्रमांक तोवर अस्तित्वातच नसायचा. शून्य ओळी काढल्या जायच्या आणि पडद्यावर "यशस्वी" यायचं. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच क्षणी झाल्या तर: रिफ्रेश जुनी ओळ वाचतो, इकडे काका ती ओळ काढतात, आणि रिफ्रेश नवी ओळ घालून मोकळा होतो. बाहेर काढलेलं डिव्हाइस नव्या क्रमांकाने परत यादीत हजर. चाचणीत आम्ही मुद्दाम दोन्ही मागण्या एकदम सोडल्या तेव्हा हे काही वेळा घडलेलं दिसलं.

उपाय असा की डिव्हाइसची ओळ लॉगिनला एकदाच तयार करायची, तिचा क्रमांक शेवटपर्यंत तोच, आणि रिफ्रेशच्या वेळी तीच ओळ एका अटीवर बदलायची:

```sql
UPDATE sessions
SET prev_hash = refresh_hash,
    refresh_hash = $2,
    rotated_at = now()
WHERE id = $1
  AND refresh_hash = $3
  AND revoked_at IS NULL
RETURNING id;
```

वाचणं आणि लिहिणं एकाच वाक्यात असल्यामुळे मध्ये कुणाला घुसता येत नाही. रद्द करणं आधी झालं तर `revoked_at` भरलेलं असतं आणि रिफ्रेशला काहीच परत मिळत नाही. रिफ्रेश आधी झाला तर रद्द करणं त्याच ओळीवर होतं, कारण क्रमांक बदललेला नाही. ओळ काढून टाकायचीही नाही, फक्त रद्द झाल्याची वेळ लिहायची. आणि टोकन जसाच्या तसा कधी साठवायचा नाही, त्यावरून काढलेला, पण ज्यावरून तो परत मिळवता येत नाही असा हॅशच साठवायचा, म्हणजे डेटाबेसची प्रत कुणाच्या हाती लागली तरी त्यातून लॉगिन करता येत नाही.

दुसरी चूक सेल्समनच्या तक्रारींतून कळली. नवं अ‍ॅप गेल्यावर आठवड्याभरात त्यांचे फोन यायला लागले, "आपोआप लॉगआउट होतंय." सगळे ठाण्यापलीकडे, लोकलमध्ये. रिफ्रेश टोकन एकदाच वापरता यावा आणि जुना परत आला तर चोरी समजून सेशन बंद करावं, हा नियम चांगला आहे आणि आम्ही तो लावला होता. पण लोकलमध्ये मागणी सर्व्हरपर्यंत पोचते, सर्व्हर टोकन बदलतो, आणि उत्तर फोनपर्यंत यायच्या आत नेटवर्क जातं. फोनकडे जुनाच टोकन राहतो. नेटवर्क आलं की तो तोच दाखवतो आणि सर्व्हर त्याला चोर समजून बाहेर काढतो.

जुना टोकन आणखी ३० सेकंद चालू द्यायचा, हा नेहमीचा तोडगा. आमच्या लोकांना तो पुरला नाही, गाडीत नेटवर्क त्याहून जास्त वेळ जातं. शेवटी आम्ही नियम असा केला: नवा टोकन एकदा तरी वापरला जाईपर्यंत जुना चालेल, पण जास्तीत जास्त १० मिनिटं. फोनला नवा मिळाला असेल तर तो लगेच वापरणारच, आणि त्या क्षणी जुना मेला. मिळालाच नसेल तर जुना दाखवल्यावर सर्व्हर आणखी एक नवा देतो. वर `prev_hash` ठेवलंय ते यासाठी. यात थोडी ढिलाई आहे हे मला मान्य आहे. पण दिवसातून तीनदा बाहेर फेकला जाणारा सेल्समन काकांना ओटीपी विचारत राहतो, आणि ओटीपी विचारण्याची सवय जडणं ही त्याहून मोठी ढिलाई आहे.

काकांना वाचता येईल अशी यादी

टोकनच्या कामात आमचे दोन आठवडे गेले. यादीचं काम दोन दिवसांचं होतं. पण काकांच्या दृष्टीने खरी सुधारणा तीच होती.

ती `okhttp/4.9.3` ही ओळ आली कुठून? अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये नेटवर्कसाठी वापरली जाणारी ओकेएचटीटीपी ही लायब्ररी स्वतःची ओळख वेगळी सांगितली नाही तर हेच नाव पाठवते. आम्ही सर्व्हरवर आलेलं नाव उचलून यादीत छापत होतो. ब्राउझरचंही तेच. २०१९ मध्ये आलेल्या आयपॅड ओएस १३ पासून आयपॅडवरची सफारी स्वतःला मॅक म्हणवते, म्हणून काकांचा आयपॅड मॅक दिसला. अँड्रॉइडवरचं क्रोम २०२३ पासून फोन कुठलाही असो, `Android 10; K` एवढंच सांगतं. म्हणजे ब्राउझरने पाठवलेल्या नावावरून मॉडेल ओळखायचे दिवस संपले आहेत. आयपॅडपुरतं, पान स्वतःला मॅक म्हणतंय पण `navigator.maxTouchPoints` एकापेक्षा जास्त आहे, हे बघून आम्ही ओळखतो. अ‍ॅप मात्र स्वतः कंपनी आणि मॉडेल वाचून पाठवू शकतं, ते आता पाठवतं.

गावाचं नाव आम्ही काढूनच टाकलं. मोबाइल डेटावर हजारो लोक एका सार्वजनिक आयपी पत्त्याच्या मागे असतात आणि तो पत्ता कुठल्या गावाच्या नावावर नोंदवलाय त्याचा फोनच्या जागेशी संबंध असेलच असं नाही. घाटकोपरमधला फोन अहमदाबाद दाखवत होता आणि मुलुंडमधला पुणे. त्या एका चुकीच्या शब्दामुळे काकांनी दोन्ही ओळी काढल्या. ज्या माहितीवर माणूस निर्णय घेणार आहे ती खात्रीची नसेल तर ती दाखवू नये, असं मला या प्रकरणानंतर ठामपणे वाटतं.

सगळ्यात उपयोगी पडली ती अगदी साधी गोष्ट. लॉगिन झाल्यावर अ‍ॅप विचारतं, "हा फोन कुणाचा?" तिथे माणूस स्वतःच्या शब्दांत लिहितो. आता काकांच्या यादीत "काउंटर", "आयपॅड काका", "मुलुंड लाइन", "घाटकोपर लाइन" असं दिसतं, आणि खाली बारीक अक्षरात मॉडेल आणि लॉगिनची तारीख.

"आत्ता सक्रिय" हा शब्दही बदलावा लागला. पार्श्वभूमीवरच्या हिशेबाच्या ओढाओढीमुळे प्रत्येक फोन सतत सक्रिय दिसत होता. म्हणून दोन वेळा वेगळ्या ठेवल्या: माणसाने अ‍ॅप शेवटचं कधी वापरलं, आणि फोन सर्व्हरशी शेवटचा कधी बोलला. हरवलेल्या फोनच्या बाबतीत हा फरक मोलाचा असतो. दुसरी वेळ ताजी आणि पहिली जुनी असेल तर फोन चालू आहे पण कुणी उघडलेला नाही. पहिली वेळ हरवल्यानंतरची असेल तर लॉक उघडलं गेलंय. ही वेळ प्रत्येक मागणीला लिहायची गरज नाही, मागची नोंद पाच मिनिटांहून जुनी असेल तरच आम्ही लिहितो.

बाहेर काढूनही जे आत राहतं

शनिवारी दुपारी मी नोंदी वाचत असताना लक्षात आलं, की टोकन ११:१० ला संपला, तरी आमचा सर्व्हर त्या फोनला सूचना पाठवतच होता. "अमुक मेडिकल, ४८,२०० रुपये जमा" अशा सूचना लॉक असलेल्या पडद्यावरही वाचता येतात. सूचनांसाठी फोनचा वेगळा टोकन असतो आणि तो आम्ही वापरकर्त्याच्या नावावर साठवला होता, सेशनच्या नावावर नाही. त्यामुळे कुठलं सेशन गेलं तरी त्याला कळायचं काही कारणच नव्हतं. संध्याकाळी ४ वाजता मी तो हाताने काढला. आता तो सेशनच्या ओळीला बांधलेला आहे आणि सेशनबरोबरच जातो.

फोनमधला साठा हा वेगळाच प्रश्न. नेटवर्कशिवाय काम चालावं म्हणून अ‍ॅप दुकानांची यादी आणि उधारी फोनमध्येच ठेवतं. सर्व्हरवर सेशन रद्द केलं तरी फोनमधली माहिती तिथेच राहते. नव्या अ‍ॅपमध्ये सर्व्हरने प्रवेश नाकारणाऱ्या ४०१ या कोडबरोबर `session_revoked` असं कारण दिलं की अ‍ॅप आधी तो साठा पुसतं आणि मग लॉगिनचं पान दाखवतं. पण त्यासाठी फोन सर्व्हरशी एकदा तरी बोलला पाहिजे. विमान मोडवर टाकलेला फोन काही ऐकणार नाही. म्हणून यादीतून काढलेली ओळ आता लगेच नाहीशी होत नाही. तिच्यासमोर आधी "प्रवेश बंद केला, ७:२४" असं येतं, आणि अ‍ॅपने साठा पुसल्याचं कळवलं की "फोनमधली माहिती पुसली" असं येतं. मधल्या काळात "फोनशी अजून संपर्क नाही" हे स्पष्ट लिहिलेलं असतं. पहिली गोष्ट आमच्या हातात आहे, दुसरी नाही, आणि मालकाला हा फरक कळायला हवा.

आणखी एक शक्यता काकांच्या मुलाने दाखवून दिली. तो म्हणाला, "ताई, ही यादी सेल्समनच्या फोनवरही दिसते ना? मग ज्याला फोन सापडला तो आम्हालाच बाहेर काढू शकतो." अगदी खरं होतं. लॉगिन एकच असल्याने अधिकारही एकच होते. आता कुठलंही डिव्हाइस काढताना सहा आकडी मालक पिन लागतो, जो फक्त मालक आणि त्याचा विश्वासू माणूस जाणतात. आणि तो चुकत राहिला तर थोडा वेळ बंद होतो.

इथे पिनऐवजी ओटीपी का नाही, असं टीममध्ये विचारलं गेलं. समजा, हरवलेला फोन काकांचा स्वतःचा असता. त्यातच नोंदणीचं सिम आहे. म्हणजे ओटीपी चोराच्या हातात जाणार, आणि बाहेर काढलेला फोन एका मिनिटात परत आत येणार. काकांनी सिम बंद करून त्याच नंबरचं नवं घेतलं, तरी सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. ही सोय नंबर चोरणाऱ्यांना अडवण्यासाठी आहे आणि योग्यच आहे, पण तेवढा वेळ काकांनाही ओटीपी येणार नाही. तेव्हा काउंटरवर आधीपासून चालू असलेलं लॉगिन आणि डोक्यातला पिन, एवढंच हाताशी राहतं. म्हणून आम्ही प्रत्येक दुकानाला निदान दोन डिव्हाइसवर मालकाचं लॉगिन ठेवायला सांगतो. शिवाय, फोन यादीतून काढताना "या नंबरवरचं नवं लॉगिन पिनशिवाय होऊ देऊ नका" अशी खूण करायची सोय दिली आहे.

सेल्समनने त्या रात्री लोहमार्ग पोलिसांकडे जायचं ठरवलं होतं. पण फोन रिक्षात राहिला होता, गाडीत नाही, म्हणून त्याला शहर पोलिसांच्या ठाण्यात पाठवलं. तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या संचार साथीच्या सीईआयआर पोर्टलवर फोनचा आयएमईआय क्रमांक बंद करता येतो, आणि मग देशातल्या कुठल्याही मोबाइल नेटवर्कवर तो फोन चालत नाही. त्याने ते सोमवारी केलं. वाय-फायवर मात्र असा फोन चालतो, म्हणून आयएमईआय बंद केला तरी आपल्या बाजूचं सेशन रद्द करणं सुटत नाही.

तो फोन शनिवारी दुपारनंतर आमच्या सर्व्हरशी बोललेला नाही. त्यात जुनंच अ‍ॅप आहे, ज्याला साठा पुसायची आज्ञा समजत नाही. म्हणजे तो उद्या चालू झाला आणि वाय-फायवर आला, तरी त्याला लॉगिनचं पान दिसेल आणि त्यामागे ३१२ दुकानांची त्या शनिवारी सकाळपर्यंतची उधारी तशीच पडलेली असेल. हे मी काकांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी जास्त उधारी असलेल्या दुकानदारांना स्वतः फोन करून कळवलं, की आमच्या नावाने कुणी वसुलीला आलं तर आधी मला विचारा. यादीत ती ओळ अजून आहे: "घाटकोपर लाइन, जुना फोन. प्रवेश बंद. फोनशी अजून संपर्क नाही."